लग्नाची घाईची शिलाई घेताय? आधी या चुका टाळा

माझं सिन्नरला घरातच शिलाईचं काम आहे. एक मोटर लावलेलं मशीन, एक जुनं पायाचं, आणि हूक-काजं-तुरपाईसाठी शेजारच्या गल्लीतल्या एक ताई. लग्नसराईत आमच्यासारख्यांची जी फजिती होते ती शिवता येत नाही म्हणून होत नाही. होते ती "हो" म्हणताना. मी तो धडा एका पैठणीच्या ब्लाउजवर शिकले, म्हणून त्या ब्लाउजपासूनच सांगते.

वैशाखातली गोष्ट. ओळखीतल्या एक वहिनी पिशवी घेऊन आल्या. मुलीचं लग्न पाच दिवसांवर, सात ब्लाउज. नेहमीच्या टेलरने ऐन वेळी हात वर केले होते. मी "बघते" म्हटलं. पहिली चूक ही. आपल्या तोंडी "बघते" म्हणजे "जमलं तर करते", पण गिऱ्हाइकाच्या कानाला तो "हो" असतो. वर त्या म्हणाल्या, "पिशवी राहू दे इथंच, परत कुठे नेऊ." मी ठेवून घेतली. कापड आपल्या घरात राहिलं की जबाबदारी आपली झाली, मग तोंडाने काहीही म्हटलेलं असो. दुसऱ्या दिवशी नाही सांगायचं ठरवलं तरी त्यांचा एक दिवस आपण खाल्लेला असतो.

रात्री एक वाजता कापलेली बाही

नवरीचं पैठणीचं ब्लाउज मी शेवटी ठेवलं होतं, निवांत करू म्हणून. तो निवांतपणा रात्री एकला मिळाला.

साडीतल्या ब्लाउजपीसला एका बाजूला मोठा काठ होता, दुसऱ्या बाजूला बारीक. नेहमीच्या कापडात आपण घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापतो, त्यामुळे डावी-उजवी आपोआप निघते. इथे दोन्ही बाह्यांना मोठा काठ हवा होता, म्हणून एकेरी कापडावर एकापुढे एक बाही आखावी लागते. दुसरी आखताना कागदाचा नमुना पालथा घालायचा असतो. मी तो तसाच सरकवला. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या.

बाहीचा मुंढा पुढच्या बाजूला जास्त खोल असतो, मागे कमी. उलटी बाही लागली की पुढे बगलेपाशी कापडाचा फुगा येतो आणि हात वर केला की पाठीवर ओढ बसते. हे टेबलावर दिसत नाही, अंगात घातल्यावरच दिसतं. मला दिसलं तेव्हा बाह्या जोडून, पायपिंग लावून झाली होती.

त्यातून सुटायचा एक मार्ग असतो. हातमागाच्या चांगल्या पैठणीचा काठ बहुतेक दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे एक बाही पालथी करून लावली तर कुणाला कळत नाही. ही पैठणी यंत्रमागाची निघाली. काठाच्या मागे जरीचे धागे मोकळे लोंबत होते. मग उरलेल्या तुकड्यातून बगलेत कळी घातली. उसवलेल्या जागी सुईची भोकं रेशमावर राहिलीच, ती इस्त्रीनेही बसत नाहीत. नवरीने सगळा वेळ अंगावर शेला घेतला.

कात्री लावण्याआधी करायची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. एकेरी कापडावर दोन बाह्या आखल्या असतील तर प्रत्येकीच्या खोल मुंढ्याकडे खडूने फुली मारायची. काठ खाली धरून पाहिलं की एकीची फुली डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे दिसली पाहिजे. दोन्ही एकाच बाजूला आल्या तर कात्री खाली. कापून झाल्या असतील तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून बाह्या एकमेकींवर घालायच्या. काठाला काठ लावल्यावर खोल मुंढे एकमेकांवर बसले की जोडी बरोबर. हे मला तेव्हाही माहीत होतं. रात्री एकला आठवलं नाही, एवढंच.

दुसरी चूक महिन्याने परत आली, शब्दशः. वहिनींच्या स्वतःच्या ब्लाउजचं सुती अस्तर मी पाण्यातून न काढताच कापलं होतं. भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, तेवढा वेळ नव्हता. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, वरचं कापड तसंच राहिलं, आणि पाठीवर सगळीकडे चुण्या. घाईच्या कामाचं हेच वाईट आहे, पैसे मिळून गेल्यावर महिन्याने ते पुन्हा दारात येतं. आटलेल्या अस्तराला उपाय एकच, सगळं उसवून नवं अस्तर. मी फुकट करून दिलं. ब्लाउज नेताना वहिनी रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "ताई, एवढी ओढाताण होती तर नाही म्हणायचं होतंस ना. मी दुसरीकडे गेले असते." त्यांच्या भिशीतल्या दोघींनी त्यानंतर माझ्याकडे कपडे टाकले नाहीत. कुणी काही बोललं नाही, कपडे यायचे बंद झाले.

नाही म्हणायचं, पण हिशेब करून

पुढच्या वर्षी तीच वेळ पुन्हा आली. गुरुवारी संध्याकाळी एक मावशी आल्या. लग्न येत्या रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी. नऊ ब्लाउज: नवरीची चार, पॅड आणि प्रिन्सेस कटची, बाकी पाच घरच्या बायकांची साधी अस्तराची. शिवाय पैठणीच्या बाह्यांवर आरी वर्क. मावशी म्हणाल्या, "दहा दिवस आहेत गं, भरपूर आहेत."

इथेच बहुतेक जणी फसतात. लग्नाची तारीख ही आपली तारीख नसते. मी डायरी उघडली आणि त्यांच्यासमोरच मोठ्याने मोजलं. रविवारी लग्न, शनिवारी हळद, म्हणजे कपडे शुक्रवारी घरात हवेत. उद्याच्या शुक्रवारपासून त्या गुरुवारपर्यंत सात दिवस. माझ्याकडे आधीची अकरा ब्लाउज पडलेली. साधं अस्तराचं ब्लाउज कापणं, शिवणं, हातकाम धरून दिवसाला तीन होतात, म्हणजे ती अकरा जवळजवळ चार दिवस खाणार. उरले तीन. नवरीचं एक ब्लाउज म्हणजे माझा एक दिवस, कारण कच्ची शिलाई घालून अंगावर बघायचं असतं. चार ब्लाउजचे चार दिवस, बाकी पाचांचे जवळजवळ दोन. लागणार सहा, आहेत तीन.

आरीचं तर बोलायलाच नको. ते काम कापड कापण्याआधी चौकटीवर ताणून होतं. आधी माप, मग कापडावर बाहीची आखणी, मग आरीवाल्याकडे, आणि तिथून आल्यावर कात्री. माझा आरीवाला लग्नसराईत दोन बाह्यांना आठवडा मागतो. तो आठवडा धरला तर, सगळं सुरळीत झालं तरी, शिवायला एकही दिवस उरत नव्हता.

(हा हिशेब मनात करू नका. मनातल्या हिशेबात वीज कधी जात नाही आणि हातकामाच्या ताईंचं पोर कधी आजारी पडत नाही.)

मावशी म्हणाल्या, "अर्जंटचे दुप्पट घे." मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण दुप्पट पैशाने मोटर दुप्पट पळत नाही. त्यातली पाच गुपचूप दुसरीकडे शिवून घ्यायची हाही मार्ग काहीजणी काढतात. माप मी घेतलेलं, कापणार दुसरी, नाव माझं. फिटिंग बिघडलं की दुरुस्ती माझ्याकडेच, आणि ती शिलाई कुणाची हे सांगायची सोय नाही. दुसरीकडे द्यायचंच असेल तर गिऱ्हाइकाला सांगून द्यावं, आणि माप तिनेच घ्यावं.

मी म्हटलं, "मावशी, नऊ होणार नाहीत. नवरीची दोन देते, पैठणीचं आणि हळदीचं, आरीशिवाय. सोमवारपर्यंत मापाला पाठवा, बुधवारी ट्रायल, शुक्रवारी दुपारी घेऊन जा. बाकीच्या सातांना आज रात्रीच दुसरं कुणी बघा, उद्या आणखी अवघड होईल." माझ्याकडे तीन दिवस होते तरी दोनच घेतली. तिसरा दिवस ट्रायलनंतरच्या दुरुस्तीचा होता, आणि विजेचा.

पिशवी मी खोलीतसुद्धा येऊ दिली नाही. मावशींना राग आला. "नऊ दे नाहीतर एकही नको," म्हणत पिशवी उचलून गेल्या. मला त्या रात्री झोप नीट लागली नाही, गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्या दोन कापडं घेऊन आल्या.

मापाचं ब्लाउज पुरत नाही

सोबत त्यांनी नवरीचं जुनं ब्लाउज दिलं, "याच मापाचं कर." नवरीच्या बाबतीत हे मान्य करू नका. जुनं ब्लाउज साधं असतं, नवं पॅडचं, आणि लग्नाआधी मुली खाणं कमी करतात नाहीतर केळवणं खाऊन भरतात. मी मुलीलाच बोलावलं. जुन्या ब्लाउजपेक्षा छाती पाऊण इंच कमी भरली. दोन्ही कुशीत दीड-दीड इंच मार्जिन ठेवलं आणि तुरपाई ट्रायलनंतर करायची म्हणून बाजूला ठेवली. बुधवारी मागचा गळा खांद्यावरून उतरत होता. खांद्याची शिलाई पाव इंच आत घेतली, नॉट थोडी वर सरकवली. तुरपाई झाली असती तर तेवढ्यासाठी गळा उसवावा लागला असता. शुक्रवारी दुपारी दोन वाजता दोन्ही ब्लाउज गेली.

बाकीची सात त्यांनी तीन ठिकाणी वाटली. ती कशी झाली ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर एक अनोळखी बाई आल्या. मावशींच्या नणंद. माघातलं लग्न, हातात दोन महिन्यांच्या वर वेळ, आणि सहा ब्लाउज. म्हणाल्या, "वहिनी म्हणत होत्या, ती बाई तोंडावर नाही म्हणते, पण तारीख दिली की त्या तारखेला मिळतं. आणि अस्तर भिजवून न्यायला सांगितलंय." पिशवीतून अस्तरं काढली, इस्त्री करून घडी घातलेली. मी एकेक उलगडून हाताने चाचपलं. पाचांची खळ गेलेली होती. सहावं कोरं करकरीत होतं, ते मी बादलीत टाकलं आणि डायरी उघडली.