पहिली आणि शेवटची स्लाइड आयती वाटते? या चुका टाळा

करवीर तालुक्यातल्या काही गुऱ्हाळमालकांचा एक गट आहे असं धरू. एक किलोच्या गुळाच्या पॅकिंगसाठी त्यांना सामायिक शेड बांधायची आहे आणि बँकेकडून १८ लाखांचं मुदत कर्ज हवं आहे. त्यासाठी बँकेपुढे दाखवायच्या प्रेझेंटेशनमधल्या मधल्या स्लाइड चांगल्या आहेत: उसाची आवक, उतारा, खर्च, दर, सगळं आहे. पण पहिली स्लाइड म्हणजे पांढऱ्या पडद्यावर मधोमध मोठं शीर्षक आणि खाली बारीक अक्षरात गटाचं नाव. शेवटची म्हणजे तशाच मधोमध ठेवलेला ‘थँक यू’. साहेब लोक येऊन बसेपर्यंत, चहा फिरेपर्यंत पडद्यावर पहिलीच स्लाइड असते, आणि प्रश्नोत्तरं संपेपर्यंत शेवटची. सगळ्यात जास्त वेळ दिसणाऱ्या दोन स्लाइडवरच कुणी हात फिरवलेला नसतो.

हे लक्षात आल्यावर पहिली चूक होते ती सजावटीची. मागे निळी छटा येते, शीर्षकाला सावली लागते, अक्षरं गिरक्या घेत येतात. तरीही स्लाइड आयतीच दिसते, कारण सांगाडा बदललेलाच नसतो. पॉवरपॉइंटच्या कोऱ्या फाइलमध्ये शीर्षक ६० पॉइंटांचं, मधोमध, आणि चौकटीच्या तळाला टेकलेलं असतं; खालची ओळ २४ पॉइंटांची. हे एखाद-दोन इंग्रजी शब्दांना शोभतं. आपलं शीर्षक ‘करवीरच्या गुऱ्हाळांसाठी केंद्रीय पॅकिंग शेड’ असं लांब असतं. ते दोन-तीन ओळींत मोडतं, तळाला टेकलेलं असल्यामुळे वर वर सरकतं, आणि चौकटीत मावेना की प्रोग्राम अक्षर आपोआप बारीक करतो. ओळ कुठे तुटावी हेही तोच ठरवतो, म्हणून ‘शेड’ हा एकटा शब्द शेवटच्या ओळीत लोंबकळतो.

त्यात मराठीची एक खास अडचण आहे. या तयार साच्यात ओळींमधलं अंतर ०.९ ठेवलेलं असतं. इंग्रजीला ते चालतं. आपल्याकडे वरच्या ओळीतल्या ‘गुऱ्हाळांसाठी’चा उकार खाली उतरतो आणि खालच्या ‘केंद्रीय’ची मात्रा, अनुस्वार वर चढतात, मग दोन्ही एकमेकांत घुसतात. लांबून बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी गिचमिड आहे एवढं जाणवतं. शीर्षकाचं अंतर १.१ करा, `Paragraph` मध्ये `Line Spacing` ला `Multiple` निवडून आकडा टाका. याच्या उलट चूकही दिसते: इंग्रजी पोस्टर बघून अक्षरांमधलं अंतर वाढवायचं. देवनागरीत त्याने शिरोरेषेला भेगा पडतात. मराठी शब्दाला ते अंतर वाढवूच नका.

आता गटाची पहिली स्लाइड नव्याने मांडू. नेहमीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंमी रुंद आणि १९.०५ सेंमी उंच असते. उजवीकडचा एक तृतीयांश भाग, म्हणजे साधारण ११.३ सेंमी, काहिलीत उकळणाऱ्या रसाच्या फोटोला द्या. फोटो वर, खाली आणि उजव्या कडेपर्यंत पूर्ण भिडवा. चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडून मधे चिकटवलेला फोटो लग्नाच्या अल्बमसारखा दिसतो. डावीकडे २.५ सेंमी समास सोडा आणि शीर्षक, गटाचं नाव, तारीख हे सगळं त्याच एका उभ्या रेषेवर डावीकडून सुरू करा. शीर्षक ४४ पॉइंट पुरे. ओळ अर्थाला धरून तोडा: ‘करवीरच्या गुऱ्हाळांसाठी’ वर, ‘केंद्रीय पॅकिंग शेड’ खाली. त्यासाठी `Shift+Enter` दाबा. नुसतं `Enter` दाबलं की नवा परिच्छेद होतो.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही पहिल्याच स्लाइडवर टाकायचा मोह होतो. मग अध्यक्षांचं नाव, तीन लोगो, घोषवाक्य. माझ्या मते मानांकनाची जागा बाजारपेठेच्या स्लाइडवर आहे. तिथे ते दराबद्दल काही सांगतं, इथे ते नुसता बिल्ला ठरतं.

फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर तो फुटेल का, हे आधी हिशेबाने बघता येतं. १९२० × १०८० च्या प्रोजेक्टरवर आपल्या फोटोच्या पट्टीला साधारण ६४० × १०८० पिक्सेल लागतात. म्हणजे १६०० × १२०० चा फोटो कापूनही पुरतो, पण तोच पूर्ण स्लाइडभर ताणला की मऊ पडतो. शक्य असेल तर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ सांगा.

हे सगळं स्लाइडवर हाताने सरकवत बसणं ही पुढची चूक. दुसऱ्या कुणी `Reset` दाबलं की सगळं मूळ जागी परत जातं. म्हणून `View > Slide Master` मध्ये जा आणि डावीकडच्या यादीतला `Title Slide` हा साचाच बदला: डावी मांडणी, ४४ पॉइंट, १.१ अंतर, समासाच्या जागी उभी गाइड, आणि उजवीकडे `Insert Placeholder` मधून `Picture` ची पट्टी. मग त्याच साच्यावर राइट क्लिक करून `Duplicate Layout` घ्या आणि त्याला `Closing` नाव द्या. शेवटची स्लाइड यातून निघते, त्यामुळे समास, फॉन्ट आणि फोटोची पट्टी आपोआप पहिलीशी जुळते. दोन टोकं एकाच हाताची वाटतात ती यामुळे.

शेवटच्या स्लाइडवर मात्र मजकूर वेगळा हवा. बँकेचे अधिकारी प्रश्न विचारत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर काय असावं? ‘पॅकिंग शेडसाठी १८ लाखांचं मुदत कर्ज’ ही मागणी मोठ्या अक्षरात, त्याखाली परतफेडीची मुदत आणि तारण एकेका ओळीत, आणि तळाला बोलायचा माणूस व मोबाइल नंबर. पट्टीत काहिलीऐवजी तयार एक किलोच्या पाकिटाचा फोटो. ‘धन्यवाद’ न लिहिणं आपल्याकडे रुक्ष वाटतं, हे खरं. मग नंबरच्या वर १८ पॉइंटांत लिहा. पण ते तोंडाने म्हटलेलं बरं. क्यूआर कोड टाकणार असाल तर अंतराच्या निदान एक दशांश रुंदी धरा: मागची रांग ८ मीटरवर असेल तर पडद्यावर तो ८० सेंमी हवा. तेवढी जागा नसेल तर टाकू नका.

शेवटच्या स्लाइडनंतर चुकून एक क्लिक जास्त झाला की पडदा काळा होतो आणि वर `End of slide show, click to exit.` ही ओळ येते. शेवटच्या स्लाइडची एक प्रत तिच्याच मागे ठेवा. क्लिक झाला तरी कुणाला कळत नाही.

फाइल पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा. रिकामी राहिलेली चौकट शो चालू असताना दिसत नाही, पण बँकेत कुणी फाइल नुसती उघडली की `Click to add subtitle` दिसतं. ती डिलीट करा. तारीख `Update automatically` वर असेल तर महिन्याने उघडल्यावर त्या दिवसाची तारीख दाखवेल. ती हाताने टाइप करा. आणि फॉन्ट: जुन्या डीटीपीच्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं शीर्षक दुसऱ्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होतं. युनिकोडमध्ये टाइप करा. मुक्तासारखा मोफत फॉन्ट वापरलात तर `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` वर खूण करा, आणि सोबत एक पीडीएफही द्या.