'लवकरात लवकर कळवा' ही काही तारीख नाही

डिप्लोमा करून मी ऑफिस इंटिरियरची कामं घेणाऱ्या एका फर्ममध्ये प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणून लागले. पहिले काही महिने वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात बसून ड्रॉइंगच्या प्रती काढत होते. मग महापेची साइट अंगावर आली, 48 जणांचं ऑफिस. ताबा 30 नोव्हेंबरला द्यायचा होता, कारण क्लायंटच्या जुन्या जागेचा करार त्याच दिवशी संपत होता. सप्टेंबर संपत आला तरी वर्कस्टेशनच्या ड्रॉइंगवर त्यांची सही नव्हती.

मी काय करत होते? दर तीन-चार दिवसांनी त्यांच्या अ‍ॅडमिन मॅनेजरना एक मेल. 'ड्रॉइंग सोबत जोडलं आहे, कृपया लवकरात लवकर मंजुरी द्यावी.' असे चार मेल गेले. उत्तर आलं एकाचंच, तेही 'नोटेड'. मला वाटलं, माझं काम मी केलंय.

आमच्या सीनियर मॅडमनी ते चारही मेल वाचले आणि एवढंच विचारलं, "सही नाही आली तर नेमकं काय अडतं, आणि कोणत्या दिवशी?" मला सांगता येईना. मलाच जे माहीत नाही ते क्लायंटला कुठून माहीत असणार? त्याच्या दृष्टीने ते ड्रॉइंग आज पाहिलं काय नि पुढच्या आठवड्यात पाहिलं काय, सारखंच.

मग त्यांनी मला ताब्याच्या तारखेपासून उलटं मोजायला बसवलं. मंजूर ड्रॉइंग हातात आल्यावर कारखान्याला माल बनवायला 28 दिवस. गाडी आणि माल वर चढवायला 2, कारण त्या इमारतीत मालाची लिफ्ट संध्याकाळी सातनंतरच मिळते आणि गेटपास आदल्या दिवशी काढावा लागतो. जोडणीला 6, वायरिंग आणि तपासणीला 2. मधे दिवाळीत कारखाना 5 दिवस बंद. झाले 43. म्हणजे 30 नोव्हेंबर गाठायचा तर ऑर्डर 18 ऑक्टोबरला गेलीच पाहिजे. सहीबरोबर एखादी दुरुस्ती येतेच, तिच्यासाठी दोन दिवस ठेवले आणि क्लायंटसाठी तारीख ठरली 16 ऑक्टोबर, संध्याकाळी पाच.

यात एक मोह होतो, 10 तारीख सांगून हाताशी सहा दिवस ठेवण्याचा. मी तसं सुचवलंही. मॅडम नको म्हणाल्या. दहा तारीख उलटली आणि काहीच बिघडलं नाही, हे क्लायंटला एकदा दिसलं की आपण पुढे देऊ ती प्रत्येक तारीख तो सोयीने घेणार. दोन दिवसांची मोकळीक ठेवली तर ती कशासाठी आहे हे मेलमध्येच लिहावं.

मेल लिहिण्याआधी फोन करायला लावला. हे मला सगळ्यात जड गेलं, पण खरी गोष्ट तिथेच कळली. अ‍ॅडमिनच्या साहेबांना ड्रॉइंग पसंत होतं, पण सहीचा अधिकार त्यांचा नव्हता. टेबलं 48 हवीत की 54 हे एचआरने सांगायचं, आणि एचआर थांबलं होतं पुण्यातल्या डायरेक्टरांच्या होकारासाठी. मी चार मेल अशा माणसाला पाठवले होते ज्याच्या हातात काहीच नव्हतं. बिचारे 'नोटेड'शिवाय काय लिहिणार!

आता प्रश्न असा झाला की आकडा येईपर्यंत सगळं थांबवायचं का. इथे मंजुरीचे तुकडे करता आले. टेबलाचं माप 1200 बाय 600 मिलिमीटरच राहणार होतं, माणसं 48 असोत की 54. लॅमिनेटचा शेडही तोच. जमिनीखालून वायरी नेणारे रेसवे मात्र फ्लोअरिंगच्या आधी टाकावे लागतात, नंतर जागा बदलली तर टाइल्स फोडाव्या लागतात. म्हणून रांगांच्या जागा आत्ताच पक्क्या व्हायला हव्या होत्या आणि शेवटच्या रांगेतल्या जादा सहा टेबलांसाठी रेसवे टाकून ठेवणं शहाणपणाचं होतं. थांबू शकत होता तो फक्त सहाचा आकडा.

मेल 7 ऑक्टोबरला गेला. इंग्रजीत होता, इथे मराठीत देते. विषयातच तारीख होती: 'महापे ऑफिस: वर्कस्टेशन मंजुरी, 16 ऑक्टोबर, सायं. 5 पर्यंत'.

'फोनवर बोलल्याप्रमाणे, 30 नोव्हेंबरच्या ताब्यासाठी वर्कस्टेशनची ऑर्डर 18 ऑक्टोबरला जाणं आवश्यक आहे. दिवसांचा हिशोब खाली दिला आहे. 16 तारखेपर्यंत सोबतच्या आर-3 ड्रॉइंगवर तीन गोष्टी मंजूर कराव्यात: टेबलाचं माप, लॅमिनेटचा शेड, रांगांच्या जागा. मधले दोन दिवस आपल्या दुरुस्त्यांसाठी आहेत. 48 टेबलांची ऑर्डर या मंजुरीवर जाईल.

जादा 6 टेबलांचा निर्णय नंतर कळवला तरी चालेल. मात्र ती वेगळ्या गाडीने येतील, 30 नोव्हेंबरनंतर पोचतील आणि त्यांचा वाहतूक व जोडणीचा खर्च वेगळा लागेल.

16 तारखेपर्यंत मंजुरी न आल्यास ऑर्डर थांबेल आणि ताब्याची सुधारित तारीख आम्ही 19 ऑक्टोबरला कळवू.'

मेल अ‍ॅडमिनच्या साहेबांच्या नावे होता, डायरेक्टर आणि एचआर प्रतीत. त्यांना प्रतीत घालणार हे साहेबांना फोनवर आधी सांगितलं होतं. न सांगता वरच्यांना घातलं की ती तक्रार वाटते आणि माणूस आपल्यावर कायमचा खट्टू होतो. 'आपल्याकडून विलंब झाला' असलं वाक्यही मॅडमनी खोडलं. दिवस मोजून दाखवले की ते आपोआप दिसतं.

शेवटच्या ओळीत आधी मी लिहिलं होतं, 'न कळवल्यास मंजुरी आहे असे समजू'. त्यावर मॅडमनी त्यांची जुनी जखम सांगितली. एका साइटवर तसंच लिहून त्यांनी माइका लावला होता. क्लायंट म्हणाला, "आम्ही हो कुठे म्हटलं?" सगळा माइका उतरवून पुन्हा स्वखर्चाने लावला. नोटीस बोर्ड डावीकडे की उजवीकडे, इतपत गोष्टीत मौनाला होकार धरता येतो. मापाने बनणाऱ्या, पैसे अडकणाऱ्या गोष्टीत मौन म्हणजे काम थांबलं, एवढंच लिहायचं.

13 तारखेला त्याच मेलवर दोन ओळींची आठवण, 15 ला फोन. 16 ला दुपारी डायरेक्टरांचा व्हॉट्सअ‍ॅप आला: 'ओके, प्रोसीड.' मी उडालेच. मॅडम म्हणाल्या, कोणत्या ड्रॉइंगला ओके? ग्रुपवर आधीचं ड्रॉइंग आर-2 सुद्धा पडलेलं होतं, त्यात शेवटची रांग खिडकीला चिकटलेली होती. मी साहेबांना फोन केला, "सर, आर-3 वर डायरेक्टरांची सही घेऊन पीडीएफ मेलवर पाठवता का? कारखाना त्याशिवाय घेत नाही." पावणेसहाला सही, नाव, तारीख असलेली प्रत आली. पाऊण तास उशीर. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

48 टेबलं वेळेत लागली. सहाचा होकार 29 ऑक्टोबरला आला आणि ती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरली, रात्री साडेआठला, मालाच्या लिफ्टने. बिल गेल्यावर साहेबांचा फोन आला, "अहो मॅडम, या सहांचं भाडं वेगळं कसं काय?" मी 7 ऑक्टोबरचा मेल पुन्हा पाठवला आणि म्हटलं, "सर, दुसरा परिच्छेद बघता का?"

"हां हां," ते म्हणाले, "पाठवा, करतो पास."