‘भाडं वाढवू नका, आम्ही राहतो’: घरमालकाला पत्र लिहिताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला मी भाडेकरार नोंदवून द्यायचं काम करतो. करार संपायला पंधरा दिवस उरले की भाडेकरू येतात आणि मोबाईलवरचा एक मेसेज दाखवतात. “काका, यंदा भाडं वाढवू नका, आम्ही अजून दोन-तीन वर्षं राहणार आहोत.” खाली घरमालकाचं उत्तर असतं, “बघू.” या ‘बघू’चा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असाच निघतो. मागणी गैर नसते, पण ती ज्या पद्धतीनं मांडलेली असते त्यात मालकाला हो म्हणायला कारणच सापडत नाही.

गेल्या वर्षीचंच एक पत्र घेतो. कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणारे एक गृहस्थ, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. वन बीएचके, भाडं ९,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००. मालक वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त काका. गल्लीत तसंच घर आता ९,५०० ला जात होतं. या गृहस्थांनी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: पगार वाढला नाही, मुलीची फी वाढली, म्हणून पुढचे ३३ महिने, म्हणजे अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार, भाडं ९,००० च ठेवावं.

हिशेब फक्त स्वतःच्या खिशाचा मांडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तुमची फी वाढली याचं काकांना वाईट वाटेल, पण त्यांच्याही गोळ्या-औषधांचा खर्च वाढलेलाच असतो. त्यामुळे कागद घेऊन आधी काकांच्या बाजूनं बेरीज करायची.

काकांनी बाजारभावानं घर दिलं तर काय मिळेल? पहिले अकरा महिने ९,५००, पुढचे अकरा १०,०००, शेवटचे अकरा १०,५००. एकूण ३,३०,०००. भाडं ९,००० वरच गोठवलं तर २,९७,०००. म्हणजे हे गृहस्थ काकांकडे ३३,००० रुपये मागत होते, आणि त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

आता दुसरी बाजू. भाडेकरू गेला तर घर किती दिवस रिकामं पडतं? आमच्या भागात महिना-दीड महिना सहज जातो, आणि शाळा सुरू झाल्यावर कुटुंब सोडून गेलं तर त्याहून जास्त. दीड महिन्याचे १४,२५०. रंग, बाथरूमची डागडुजी, नळ, कड्या-कोयंडे मिळून सुमारे १२,०००. एका बदलाचा खर्च २६,००० च्या घरात. पावणेतीन वर्षांत एकदा तरी भाडेकरू बदलतोच, असं मी धरून चालतो.

म्हणजे मागितले ३३,००० आणि देऊ केलं २६,००० चं. काकांनी हा हिशेब कागदावर केला नसेल, पण पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसाला तो मनात जमतो. म्हणून मागणी खाली आणली: पहिले २२ महिने ९,००० आणि शेवटचे ११ महिने १०,०००. एकूण ३,०८,०००. काकांचं नुकसान २२,०००, वाचणारा खर्च २६,०००. आता पत्राला पाय फुटले. तुमच्या गल्लीतला भाव वेगळा असेल. आकडे तुमचे घाला, पण मागणी बदलाच्या खर्चापेक्षा कमीच राहू द्या.

‘राहणार आहोत’ हे मोघम ठेवणं

गोठवलेलं भाडं हे काका आज देतात आणि तुमचं राहणं हे तुम्ही पुढे देणार असता. त्यामुळे ‘राहू’ या शब्दाला काहीतरी बांधलेलं हवं. करारात याला लॉक-इन म्हणतात: ठरलेल्या मुदतीआधी सोडून गेलात तर त्याची किंमत मोजायची.

पण इथं भाडेकरू दुसऱ्या टोकाला जातात. छापील करारात बऱ्याचदा असं असतं की मुदतीआधी गेल्यास उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं द्यावं लागेल. बावीस महिन्यांचा लॉक-इन असेल आणि दहाव्या महिन्यात बदली झाली, तर १,०८,००० रुपये अंगावर येतात. म्हणून रक्कम आधीच ठरवून लिहायची. आम्ही लिहिलं: २२ महिन्यांच्या आत घर सोडल्यास दोन महिन्यांची लेखी सूचना आणि डिपॉझिटमधून ९,००० रुपयांची कपात, त्यापलीकडे काही नाही.

लॉक-इन दोन्ही बाजूंना आहे ना, हेही वाचा. मालकाला एक महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामं करून घेता येत असेल, तर तुमचं गोठवलेलं भाडं एका महिन्यापुरतंच गोठलेलं आहे. आणि घर कृष्णाकाठच्या सखल भागात, तळमजल्यावर असेल तर एक ओळ वाढवा: पुरामुळे घर राहण्याजोगं उरलं नाही तर कपात लागू नाही. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या कुठल्याही सांगलीकराला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

चार टक्क्यांचा कायदा दाखवणं

कुणीतरी सांगितलेलं असतं की कायद्यानं वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त भाडं वाढवता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये चार टक्के आहेत हे खरं, पण ते त्या कायद्याखालच्या जुन्या पद्धतीच्या भाडेकरूंसाठी. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा असेल, तर भाडं करारात लिहिलेलं तेच. पत्रात हा आकडा टाकला की काका तो वकिलाला दाखवतात, वकील हसतो आणि तुमचं पत्र धमकीच्या खात्यात जमा होतं.

तक्रारींचंही तेच. पंप नीट चालत नाही, गच्चीतून पाणी झिरपतं, हे सगळं खरं असेल, पण ते याच पत्रात आलं की वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस नाखूश आहे, मग जास्त दिवस कशाला राहतोय?

अकरा महिन्यांच्या करारावर तीन वर्षांचा शब्द घेणं

‘काकांनी पत्रावर सही दिलीय’ म्हणून निश्चिंत राहू नका. पत्र हा बोलण्याचा पाया आहे, करार नव्हे. करार ३३ महिन्यांचाच करा.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज आमच्याकडे पक्का रुजलाय. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंत एकाच दरानं लागतं: मुदतीतलं एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. आपल्या उदाहरणात ३,०८,००० अधिक ८,२५०, म्हणजे शुल्क ८०० च्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. तीनदा करार केला तर ही फी तीनदा आणि माझी फेरी तीनदा. (माझ्या धंद्याचं नुकसान करणारं वाक्य आहे, पण असो.)

मालक लांब मुदतीला घाबरतात ते घर बळकावलं जाईल म्हणून. त्यांना शांतपणे सांगा की नोंदवलेला करारच त्यांचं संरक्षण आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर लायसन्सधारकानं घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि तेवढ्या काळाचे दुप्पट भाड्याइतके पैसे मागू शकतो.

आणखी एक. ‘भाडं’ म्हणजे काय ते लिहा. भाडं तसंच ठेवून पाण्याचे नि मेंटेनन्सचे ७०० रुपये वेगळे सुरू झालेली घरं मी पाहिलीत.

हे सगळं धरून जे पत्र गेलं ते असं. करार संपायच्या दोन महिने आधी, आधी वर जाऊन चहा घेऊन, मग हातात दिलेलं:

> ती. काकांस,
>
> सा. न. वि. वि.
>
> आपल्या घरात राहायला येऊन दोन वर्षं होत आली. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पोचतं आहे. मुलीची शाळा इथंच असल्यामुळे पुढची पावणेतीन वर्षं घर बदलायचा विचार नाही.
>
> गल्लीत असंच घर आता ९,५०० ला जातं, याची कल्पना आहे. तरी एक विनंती आहे. नवा करार ३३ महिन्यांचा करावा. पहिले २२ महिने भाडं ९,०००, शेवटचे ११ महिने १०,०००. घरपट्टी आपल्याकडे, वीज आणि पाण्याचं बिल आत्तासारखंच आमच्याकडे, वेगळा मेंटेनन्स नाही.
>
> आम्ही २२ महिन्यांच्या आत घर सोडलं तर दोन महिने आधी लेखी कळवू आणि डिपॉझिटमधून ९,००० रुपये कापून घ्यावेत. भाडं सलग दोन महिने थकलं नाही तर ३३ महिन्यांत आपणही घर रिकामं करायला सांगू नये. आतला रंग मी माझ्या खर्चानं देऊन घेईन. नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा.
>
> आपल्याला यात काही बदल हवा असेल तर रविवारी सकाळी वर येतो, बोलू.
>
> कळावे.

रंगाची ओळ गृहस्थांनी स्वतः घातली. मी नको म्हणालो होतो, कारण हिशेब तसाही काकांच्या बाजूनं झुकलेला होता. पण काकूंना तीच ओळ आवडली, असं नंतर कळलं.

पत्रात रविवार लिहिलेला होता हे महत्त्वाचं. दिवस ठरलेला नसेल तर ‘बघू’ लांबत जातो आणि करार संपायच्या आठवड्यात तुमच्याकडे घासाघीस करायला वेळ उरत नाही. रविवारी काका म्हणाले, “मुलगा पुण्याहून परत यायचं म्हणतोय, बांधून कसं घेऊ?” असं उत्तर आलं तर हट्ट धरू नका, पूर्ण मुदतीची हमी मिळणार नसेल तर मागणीही लहान करा. गृहस्थ म्हणाले, मग ११ महिने ९,००० ठेवा आणि लॉक-इनही दोघांना तेवढाच. काका घरात गेले, काकूंशी बोलून आले आणि म्हणाले की मुलगा गेली चार वर्षं यायचंच म्हणतोय. ३३ महिने कबूल, फक्त मधले ११ महिने ९,२००.

म्हणजे २,२०० रुपये जास्त. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. पुढच्या बुधवारी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन गेलो. काकांचा अंगठा पाचव्यांदा लागला, तोवर काकूंनी पोहे केले होते.