माल उशिरा पोचल्याची तक्रार: अनुवादाला आणि इंग्रजी उत्तराला बसताना

परदेशी खरेदीदाराचा तक्रारीचा ईमेल आला की शब्दकोशाच्या आधी कागद काढा. दोघांच्या सह्यांचा करार, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, आणि जहाज कंपनीच्या ट्रॅकिंगची छापील प्रत एवढे तरी समोर हवेच. यांच्याशिवाय केलेला अनुवाद नुसता रागाचा अनुवाद होतो.

उदाहरणासाठी सोलापूरच्या टेरी टॉवेलची एक ऑर्डर घेऊ. किंमत 40,000 डॉलर, अट एफओबी न्हावा शेवा, म्हणजे विक्रेत्याने माल न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढवून द्यायचा, माल जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख 30 एप्रिल. रंगाईत काम अडकले आणि माल 3 मे रोजी चढला. पुढे कोलंबोत दुसऱ्या जहाजाची वाट पाहण्यात 15 दिवस गेले. हॅम्बर्गचा खरेदीदार म्हणतो, 18 दिवस उशीर झाला, बिलातून 10 टक्के कापणार.

अनुवादासाठी कागदाचे दोन उभे भाग करा: डावीकडे त्याचे वाक्य, उजवीकडे मराठी. सारांश नको, कारण तक्रारीचा दात बहुधा एखाद्या जोडवाक्यात असतो. ‘शिपमेंट’ आणि ‘डिलिव्हरी’ या दोन्हींना ‘माल पाठवणे’ लिहू नका. पहिल्याला ‘जहाजावर चढवणे’ लिहा, दुसऱ्याला ‘ताबा देणे’, आणि तो ताबा कुठे द्यायचा हे करारात पाहा. एफओबीत तो न्हावा शेव्यालाच, माल जहाजावर चढताच दिला जातो. खरेदीदार मात्र हा शब्द अनेकदा हॅम्बर्गच्या गोदामासाठी वापरतो. निम्मे भांडण इथेच असते.

आणखी दोन वाक्प्रचार हमखास फसवतात. ‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे ‘पूर्वग्रह न ठेवता’ नव्हे. त्याचा अर्थ ‘आमचे हक्क अबाधित ठेवून’. ‘टाइम इज ऑफ द एसेन्स’ला ‘वेळ महत्त्वाची आहे’ म्हणून सोडून देऊ नका. ही अट करारात असेल तर तारीख चुकल्यावर करार मोडण्याचा हक्क मिळू शकतो. ती करारात आहे, की फक्त आजच्या ईमेलात आली, हे समासात लिहून ठेवा. ‘डिसअपॉइंटेड’ मात्र ‘निराश’ इतकाच ठेवा, ‘संतप्त’ करू नका. मालकाचे डोके अनुवादकाने तापवायचे नसते.

मग दिवसांची वाटणी करा. बिल ऑफ लेडिंगवरची ‘शिप्ड ऑन बोर्ड’ची तारीख हा आपला पुरावा, बिल ऑफ लेडिंग तयार झाल्याची तारीख वेगळी असू शकते. 30 एप्रिल ते 3 मे हे तीन दिवस आपले. एफओबीत मुख्य वाहतुकीचा करार खरेदीदार करतो आणि माल जहाजावर चढल्यानंतरची जोखीमही त्याचीच असते, म्हणून कोलंबोचे 15 दिवस आपले नाहीत. आता दंडाचे कलम वाचा. समजा त्यात दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का असे आहे. तर तीन दिवसांचे 200 डॉलर होतात. तो मागतो 4,000.

इंग्रजी उत्तर चार छोट्या परिच्छेदांत बसवा. पहिल्यात त्याच्या ईमेलची तारीख व ऑर्डर क्रमांक, आणि आपली चूक सरळ कबूल: ‘वुई रिग्रेट द थ्री-डे डिले इन शिपमेंट, व्हिच वॉज अवर रिस्पॉन्सिबिलिटी.’ इथे नुसते ‘द डिले’ एवढेच लिहिले तर अठराही दिवस गळ्यात येतात. दुसऱ्यात तारखा आणि अट, विशेषणांशिवाय. त्याच्या एजंटावर दोष नको, तारखा बोलतात. तिसऱ्यात नकार आणि देकार एकत्र: ‘वुई आर देअरफोर अनेबल टू अ‍ॅक्सेप्ट द टेन पर्सेंट डिडक्शन,’ आणि लगेच कलमाप्रमाणे 200 डॉलरची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद. चौथ्यात उत्तराची मुदत.

‘डू द नीडफुल’ आणि ‘काइंडली रिव्हर्ट’ ही आपल्याकडची कचेरीतली इंग्रजी. ‘रिव्हर्ट’चा अर्थ बाहेर ‘पूर्वस्थितीला जाणे’ असा घेतात. ‘प्लीज रिप्लाय बाय’ लिहा. महिना अक्षरांत लिहा, कारण 03/05 हा अमेरिकेत 5 मार्च असतो. ‘वुई होप यू विल अंडरस्टँड’ काढून टाका. त्याने ठाम नकार विनवणी होतो.

पाठवण्याआधी मसुद्याचे उलट मराठी भाषांतर मालकाला वाचून दाखवा, आणि 200 डॉलरबद्दल बँकेला विचारा. निर्यातीसाठी कस्टम्सला दिलेल्या शिपिंग बिलावर 40,000 आहेत. कमी रक्कम आली तर फरकाचे कारण बँकेला कागदांनिशी द्यावे लागते. करार, क्रेडिट नोट आणि हा पत्रव्यवहार त्यासाठी एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.