नवा फोन लगेच घ्यायचा की थांबायचं? किंमत कशी उतरते ते बघून असं ठरवा

2024 च्या ऑगस्टमध्ये माझा आत्तेभाऊ आयफोन 15 घ्यायला निघाला होता आणि मी त्याला अक्षरशः हात जोडून सांगितलं की बाबा, एक महिना थांब. त्यावेळी त्या फोनची कंपनीची किंमत 79,600 होती. 9 सप्टेंबरला आयफोन 16 आला आणि तोच 15 कंपनीनेच 69,900 ला केला, म्हणजे फोन तोच, डबा तोच, आणि पावणेदहा हजार कमी.

म्हणून पहिलं काम एकच, जो फोन घ्यायचाय तो कुठल्या महिन्यात लाँच झाला ते शोधा. आयफोनची किंमत जिन्यासारखी उतरते, वर्षभर कंपनीचा भाव जवळपास जागचा हलत नाही आणि सप्टेंबरमध्ये नवा आला की धाडकन एक पायरी खाली. सॅमसंगच्या एस सिरीजचं तसं नाही, ती जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि तिचा भाव उतारावरून घसरल्यासारखा हळूहळू खाली येत राहतो. एस 23 फेब्रुवारी 2023 ला 74,999 ला आला होता आणि 2024 च्या दसऱ्याआधीच्या सेलमध्ये चाळीस हजारांच्या आत मिळत होता. कारण साधं आहे, नवा मॉडेल आला की दुकानात आणि गोदामात पडलेला जुना माल काढावाच लागतो, आणि ॲंड्रॉइडमध्ये त्याच किमतीत दुसऱ्या कंपन्यांचे दहा फोन समोर उभे असतात.

दुसरं, किमतीचा ग्राफ बघा. ॲमेझॉनसाठी Keepa ही साइट आहे, त्यात मागच्या काही महिन्यांतला चढउतार दिसतो. इथे एक गोष्ट नीट बघा, सेलच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत भाव वर गेलाय का. गेला असेल तर "इतके टक्के सूट" या आकड्याकडे दुर्लक्ष करा आणि गेल्या तीन महिन्यांतल्या सगळ्यात कमी भावाशी तुलना करा. आणि जाहिरातीतली मोठ्या अक्षरातली किंमत बरेचदा बँकेचं ठराविक कार्ड आणि जुना फोन एक्स्चेंज दोन्ही धरून असते, तुमच्याकडे ते कार्ड नसेल तर तो भाव तुमचा नाहीच, म्हणून पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन शेवटचा आकडा वहीत लिहा. नो कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी बँक लावते, तोही त्यात मिळवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक लोक करतच नाहीत. अपडेटचं घड्याळ तुम्ही फोन घेतल्यापासून नाही तर लाँच झाल्यापासून चालू होतं. एस 23 ला सॅमसंगने पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट सांगितलेत, म्हणजे साधारण फेब्रुवारी 2028 पर्यंत. लाँचला 74,999 ला घेणाऱ्याला 60 महिने मिळाले, महिन्याला 1,250 रुपये. ऑक्टोबर 2024 ला 39,000 ला घेतला असं धरलं तर उरले 40 महिने, महिन्याला 975. म्हणजे थांबणाऱ्याचा फायदा झालाच, पण किंमत जवळजवळ अर्धी झाली म्हणून महिन्याचा खर्चही अर्धा झाला असं नाही, 1,250 चे 975 झाले इतकंच. हाच हिशोब तुमच्या फोनचा करा: किंमत भागिले अपडेटचे उरलेले महिने. आकडा खाली आला तर थांबण्यात अर्थ आहे, आणि तो पुन्हा वर जायला लागला तर तो फोन आता जुना झाला, त्याच्या पुढचा बघा.

काही वेळा मात्र थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बारा-पंधरा हजारांच्या फोनमध्ये कंपनीला मुळात मार्जिनच कमी, हजार-दोन हजार उतरतात आणि तोवर तुम्हाला हवा असलेला रॅमचा व्हेरिएंट संपलेला असतो. दुसरं, सॅमसंग प्रीबुकिंगला बरेचदा 128 च्या भावात 256 जीबी देतं, तो फोन नक्की घ्यायचाच असेल तर पहिला आठवडा हा तिसऱ्या महिन्यापेक्षा परवडतो.

आणि हातातला फोनच मरायला टेकला असेल तर आधी बॅटरी बदलायचा खर्च विचारा. दीड-दोन हजारात बॅटरी बदलून फोन चार महिने निघत असेल आणि दसऱ्याला नव्या फोनवर आठ-दहा हजार वाचणार असतील तर बॅटरी बदला, स्क्रीनही गेली असेल तर मात्र दुरुस्तीतच सगळी बचत जाते, मग आजच घ्या.