जुन्या साडीचं परकर-पोलकं: शिवणाऱ्याला काठ, बुट्टी आणि नक्षी नेमकी कशी सांगावी

‘काठ चांगला रुंद आहे, बुट्ट्या छोट्या आहेत, फोटो पाठवते.’ जुन्या साडीचं काही शिवून घ्यायचं असलं की बहुतेक जणी मला एवढंच सांगतात. मी वर्षानुवर्षं परकर-पोलकी शिवते, आणि एवढ्या वर्णनावर कात्री चालवायचं धाडस मी आता करत नाही. एकदा केलं होतं. कमरेला बुट्ट्या अर्ध्या कापल्या गेल्या आणि बाहीवरचे मोर डोक्यावर उभे राहिले. ती साडी पुन्हा विणून मिळणार नव्हती.

अंग लहान झालं म्हणून नक्षी लहान होत नाही, अडचण तिथेच असते. मोठ्या बाईच्या अंगावर चार इंची काठ कमरेपासून पावलापर्यंतच्या लांबीचा दहावा भाग दिसतो. तोच काठ सहा वर्षांच्या मुलीच्या बावीस इंची परकरावर जवळजवळ पाचवा भाग होतो. परकराच्या घेराला तो शोभतो, पण पाच इंची बाहीवर नेला तर बाही सगळी जरीचीच होईल. म्हणून शिवणाऱ्याला कापडाचं कौतुक पोचवण्याआधी चार गोष्टी पोचवा: नक्षी केवढी आहे, ती किती अंतरावर पुन्हा येते, तिचं तोंड कुठे आहे आणि ती काठापासून किती दूर सुरू होते.

आधी मापं घ्या, फोटो नंतर

साडी पलंगावर न ताणता सपाट पसरा. कडक मापपट्टी घ्या. शिवणकामाची जुनी टेप ताणून ताणून लांबलेली असते, तिच्यावर विसंबू नका.

काठ मोजताना साडीच्या अगदी बाहेरच्या किनारीपासून जरीच्या शेवटच्या धाग्यापर्यंत मोजा. पैठणीच्या काठाला बहुधा आतल्या बाजूने कंगोरे किंवा बारीक पट्टी असते, ती काठातच धरा. दोन्ही काठ मोजा, कारण काही साड्यांचा एक काठ रुंद आणि दुसरा अरुंद असतो. मग काठाच्या शेवटापासून पहिल्या बुट्टीच्या तळापर्यंतचं अंतर, बुट्टीची उंची आणि रुंदी, आणि एका बुट्टीच्या तळापासून वरच्या बुट्टीच्या तळापर्यंतचं अंतर लिहा. हे शेवटचं अंतर सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही. बुट्ट्यांच्या मधली मोकळी जागा मोजून पाठवली तर त्यात बुट्टीची उंची राहून जाते आणि सगळा हिशेब चुकतो.

बुट्ट्या सरळ रांगेत आहेत की एकाआड एक सरकलेल्या, हेही लिहा. सरकलेल्या असतील तर नक्षी दोन रांगांनी पुरी होते, एका रांगेने नाही. त्याने काय बिघडतं ते पुढे येईलच.

आता दिशा. एक काठ खाली धरून बुट्टी बघा. गोल कमळाची किंवा नाण्यासारखी बुट्टी असेल तर चिंता नाही. मोर किंवा कोयरी असेल तर तो काठ खाली धरल्यावर ती सुलटी दिसते की उलटी, ते लिहा. बाहीला बहुधा दुसऱ्या बाजूचा काठ जातो. तो काठ खाली आला की कापड उलटं फिरतं, आणि त्याबरोबर मोरही.

फोटो काढताना मापपट्टी काठाला चिकटवून ठेवा आणि फोन बरोबर वर धरा. तिरप्या फोटोत लांबची बुट्टी लहान दिसते. पट्टीशिवाय काढलेल्या फोटोत दीड इंची मोर आणि नऊ इंची मोर सारखेच दिसतात.

साडी जुनी असेल तर वर्षानुवर्षं घातलेल्या घड्या उजेडासमोर धरा. रेशीम तिथेच आधी विरतं. असा विरलेला भाग पदरापासून किती अंतरावर आहे ते सांगा, म्हणजे तो टाळून कापता येतो.

एक हिशेब पुरा करून बघू

मागे एका आजींनी आपली पैठणी नातीसाठी दिली. त्यांच्या सुनेने पाठवलेला निरोप असा होता: ‘साडीची रुंदी ४६ इंच. दोन्ही काठ ४ इंच, नारळी. बुट्टी मोराची, दीड इंच उंच, दीड इंच रुंद. खालच्या काठापासून पहिली बुट्टी अडीच इंचांवर. वरची बुट्टी पाच इंचांवर, शेजारची सहा इंचांवर. रांगा सरळ. वरच्या काठाखाली चार इंच मोकळे. खालचा काठ खाली धरला तर मोर सुलटा. मधली एक घडी विरली आहे, पदरापासून ५० इंचांवर.’

एवढ्यावर साडी हातात येण्याआधीच कागदावर परकर मांडता आला.

परकर बावीस इंचांचा हवा होता. काठाचे चार इंच गेले, वर अठरा राहिले. बुट्ट्यांचे तळ काठापासून अडीच, साडेसात, साडेबारा आणि साडेसतरा इंचांवर येणार होते. चौथ्या रांगेचा फक्त अर्धा इंच दिसला असता आणि मोराचं वरचं अंग कमरेच्या शिलाईत गेलं असतं. म्हणून कमरेला त्याच रंगाच्या साध्या रेशमाचा दोन इंची पट्टा धरला. आता काठावर सोळा इंच उरले, तिसऱ्या रांगेचे मोर चौदा इंचांवर संपले आणि वर दोन इंच मोकळे राहिले. परकराची लांबी तेवढीच राहिली आणि एकही मोर कापला गेला नाही.

मुलं वाढतात म्हणून आपण परकराला आत दुमड घालून ठेवतो. ही दुमड मनाला येईल तेवढी घेतली तर दोन रांगा जवळ येतात आणि तिथे नजर अडखळते. इथे दुमडीत बरोबर पाच इंच कापड घेतलं, म्हणजे रांगेच्या अंतराएवढंच. पहिल्या दोन रांगांच्या मध्यावर टीप, तिथून पाच इंचांवरच्या रेषेशी जोडलेली. दुसरी रांग पूर्ण आत गेली, आणि पहिली व तिसरी रांग पुन्हा पाच इंचांच्याच अंतरावर आल्या. दोन वर्षांनी टीप उसवली की मधली रांग बाहेर येईल आणि अंतर तेवढंच राहील. बुट्ट्या सरकलेल्या असत्या तर अशी एक रांग लपवून चाललं नसतं, मोरावर मोर आला असता. तिथे दुमडीत दहा इंच घालावे लागतात, आणि सहा वर्षांच्या मुलीला त्याचं ओझं होतं. मी अशा वेळी दुमड घालतच नाही.

घेराला शेजारच्या बुट्टीचं अंतर कामी आलं. घेर ८४ इंच घेतला, कंबर २१. सहा-सहा इंचांच्या चौदा चुण्या केल्या आणि प्रत्येकीचा दीड इंच वर दिसू दिला, बाकीचा आत. बुट्टी दीड इंच रुंद, त्यामुळे प्रत्येक चुणीच्या तोंडावर एकाखाली एक अख्खे मोर उभे राहिले. चुण्या आठ इंचांच्या केल्या असत्या तर काही चुण्यांवर मोर आला असता आणि काहींवर नुसतं रेशीम.

परकराला दुमड आणि शिलाई धरून साडेपंचवीस इंच रुंदी लागली. वरचा साडेवीस इंची पट्टा, दुसऱ्या काठासकट, पोलक्याला उरला. बाही आधी पाच इंच ठरली होती, ती सात केली: चार इंच काठ, तीन इंच रेशीम. काठ कापून अरुंद करायचा मोह इथे फार होतो. करू नका. विणलेली जरी मधेच कापली की धागे सुटतात, आणि दुमडून आत घातली तर दंडाला टोचते. बाही उलट्या बाजूच्या काठातून निघाली, पण तिथे काठाखाली चार इंच मोकळे होते, त्यामुळे उलटा मोर बाहीवर आलाच नाही. सुनेने तो एक आकडा लिहिला नसता तर मला हे कापल्यावर कळलं असतं.

पोलक्याचा पुढचा भाग बारा इंच रुंद. छातीच्या मधोमध मोर आणावा असं आधी वाटतं. पण बुट्ट्या सहा-सहा इंचांवर, त्यामुळे मधे एक मोर आणला की शेजारचे दोन बरोबर कुशीच्या शिलाईत अर्धे होतात. म्हणून मध्य दोन मोरांच्या मधे धरला, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांवर अख्खे मोर बसले.

पदर कापला नाही. त्यातला मोठा मोर त्या मुलीच्या पाठीवर मावला नसता.

ठशाचं कापड असेल तर

सांगानेरी, बगरू किंवा अजरख, ठसा हाताने मारलेला असतो, त्यामुळे दोन ठशांमधलं अंतर कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त. एकच अंतर मोजू नका. पहिल्या ठशाच्या तळापासून सहाव्या ठशाच्या तळापर्यंतची लांबी घ्या आणि पाचाने भागा. कापड सुती असेल तर आधी धुऊन वाळवा, मग मोजा. कोऱ्या कापडावर घेतलेलं माप पहिल्या धुण्यात आटतं. छापील काठाची एक सोय आहे: तो विणलेला नसल्यामुळे कापून दुसरीकडे जोडता येतो, तेव्हा बाही लांबवायची गरज पडत नाही. दिशा मात्र इथेही लिहाच. एका बाजूने वर जाणाऱ्या वेलीचा कुर्ता पुढे-मागे एकाच सलग कापडाचा, खांद्याला शिलाई न घेता काढला, तर पाठीवरची वेल खाली तोंड करते.

इकत असेल तर

पोचमपल्ली असो, संबलपुरी असो की पाटणचा पटोला, इथे धागे विणण्याआधी बांधून रंगवलेले असतात. त्यामुळे नक्षीच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या दिसतात आणि कडेपासून कडेपर्यंतचं माप दर वेळी वेगळं येतं. म्हणून नक्षीच्या मध्यबिंदूपासून पुढच्या मध्यबिंदूपर्यंत मोजा. शिवणाऱ्याला स्पष्ट सांगा की शिलाईवर नक्षी जुळवायला जाऊ नका. अगदी नेटकं जुळवलं तरी विस्कटलेली कड शिलाईत पुसली जाते आणि तिथे रेघ ओढल्यासारखी दिसते. शिलाई दोन नक्ष्यांमधल्या मोकळ्या जागेत घ्यायची आणि कुशीला साध्या कापडाची पट्टी लावायची. कापड तिरकं तर मुळीच कापू नये, चौकटीतला हत्ती घसरल्यासारखा दिसतो.

कात्री लावण्याआधी

वर्तमानपत्रातून बाहीचा, पुढच्या भागाचा आणि पाठीचा आकार कापून घ्या. शिलाईची जागा सोडून आतला भाग चौकटीसारखा कापून टाका, आणि ती चौकट कापडावर ठेवा. चौकटीतून जेवढं दिसतं तेवढंच अंगावर दिसणार आहे. अर्धी बुट्टी दिसली तर चौकट सरकवा, सरकवून जमत नसेल तर बाही किंवा पट्टा बदला. शिवणारी दुसऱ्या गावी असेल तर तिला या चौकटींचे फोटो मागा आणि ते बघून मगच ‘कापा’ म्हणा.