मुलाच्या नावाची दुरुस्ती: जन्मनोंद आणि शाळेच्या रजिस्टरबाबत या चुका टाळा

शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे. मुलाच्या नावातील चूक घेऊन येणारे पालक बहुधा दहावीचे आवेदनपत्र भरायच्या आठवड्यात येतात, हातात कुणीतरी करून दिलेले प्रतिज्ञापत्र असते आणि 'तेवढे नाव बदलून द्या' अशी त्यांची मागणी असते. त्यांची घाई मला समजते, परंतु याच घाईतून पुढची दहा वर्षे त्रास देणारी कागदपत्रे तयार होतात. महाराष्ट्रातील पद्धत समोर ठेवून, वारंवार दिसणाऱ्या चुका येथे मांडतो.

राजपत्र म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध, असे समजणे

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि तिचे मूळ बहुतेक वेळा एजंटाच्या सल्ल्यात असते. नाव चुकले आहे, वडिलांचे नाव वेगळे लागले आहे किंवा मूल दत्तक घेतले आहे, या तिन्ही गोष्टींना 'गॅझेट करून टाका' हेच एक उत्तर दिले जाते. प्रत्यक्षात या तीन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत. जन्म नोंदवहीत लिहितानाच चूक झाली असेल, तर ती दुरुस्ती आहे. नोंद बरोबर होती, पण आता वेगळे नाव हवे आहे, तर तो बदल आहे. मुलाचे कायदेशीर आईवडीलच बदलले असतील, तर त्याचा आधार फक्त दत्तकविधानाचा आदेश किंवा दत्तकपत्र हाच असतो.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार निबंधकाला चुकीची किंवा अयोग्य रीतीने झालेली नोंद दुरुस्त करता येते अथवा रद्द करता येते. हे कलम चुकीबद्दल बोलते, नंतर झालेल्या इच्छेबद्दल नाही. राजपत्रातून एवढेच सिद्ध होते की अमुक तारखेपासून तुम्ही नवे नाव धारण केले. मूळ नोंद चुकीची होती, हे त्यातून सिद्ध होत नाही. उलट, ज्याला दुरुस्ती हवी आहे त्याने राजपत्र काढले की 'जुने नाव' या सदरात चुकीचे नाव स्वतःच्या सहीने छापून येते आणि पुढे तेच त्याच्या विरोधात वाचले जाते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. एका मुलीच्या जन्माची माहिती देताना रुग्णालयात आजोबांनी वडिलांचे घरातले नाव सांगितले. त्यामुळे नोंदवहीत 'बाळासाहेब' लागले. वडिलांच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र 'भाऊसाहेब' होते. शाळेत प्रवेश जन्मदाखल्यावरून झाला, म्हणून जनरल रजिस्टरमध्येही बाळासाहेबच आले. नववीत शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी विसंगती लक्षात आली आणि कुणीतरी मुलीच्या पूर्ण नावाचे राजपत्र काढून दिले. राजपत्र घेऊन ते जन्म नोंदणी कार्यालयात गेले, तेव्हा त्यांना परत पाठवण्यात आले. शाळेने प्रस्ताव पाठवायचा ठरवला, तर मूळ जन्मदाखल्यावर अजून बाळासाहेबच होते.

त्यांना मी सरळ मार्गावर आणले. ही लेखनिकाच्या हातून सुटलेल्या एखाद्या अक्षराची चूक नव्हती, तर माहितीतलीच चूक होती. अशा वेळी नियमांप्रमाणे चूक कोणती आणि खरे काय हे सांगणारे, वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे घोषणापत्र लागते. त्याला वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मुलीच्या जन्माच्या आधीचे एखादे शासकीय कागदपत्र जोडले. जन्माच्या आधीचा कागद मी नेहमी आग्रहाने मागतो, कारण नंतर तयार केलेला पुरावा सोयीसाठी केला असे वाटू शकते, जुन्या कागदाबद्दल ती शंका राहत नाही. निबंधकाने मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून सही व तारीख टाकली, नवा दाखला दिला आणि मग शाळेचे काम सुरू झाले.

दत्तक मुलाची दुसरी जन्मनोंद करणे

ही चूक कमी वेळा होते, पण झाली की सर्वांत जड जाते. एका दांपत्याने नात्यातील चार वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ प्रमाणे दत्तकविधान झाले, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्राची नोंदणीही झाली. इथपर्यंत सर्व उत्तम होते. मुलाचा जन्म एका नगरपालिकेच्या हद्दीत झाला होता आणि तेथे जन्मदात्या आईवडिलांच्या नावे नोंद होती. तेथे जाऊन दत्तकपत्र देण्याऐवजी, मध्यस्थाच्या सांगण्यावरून त्यांनी स्वतःच्या गावात 'जन्म घरी झाला, नोंद राहून गेली' असे प्रतिज्ञापत्र केले, गावच्या नोंदवहीत नोंद नसल्याचा दाखला घेतला आणि विलंबित नोंदणीचा आदेश मिळवून नवा जन्मदाखला काढला. गावच्या नोंदवहीत नोंद सापडणारच नव्हती, कारण जन्म तेथे झालाच नव्हता.

त्या दाखल्यावर मुलगा शाळेत आला आणि काही वर्षे कुणालाच काही दिसले नाही. मुलाचे आधार मात्र पहिल्या जन्मदाखल्यावरून, जुन्या नावाने निघालेले होते. शाळेच्या पोर्टलवर आधारची माहिती जुळवताना नाव जुळले नाही, जन्मस्थळ वेगळे निघाले आणि पालकांना दोन्ही दाखले टेबलावर ठेवावे लागले. एकाच मुलाच्या दोन जन्मनोंदी म्हणजे एक नोंद खोट्या माहितीवर उभी आहे, हे कोणत्याही अधिकाऱ्याला लगेच कळते आणि खोटी माहिती देण्याबद्दल याच अधिनियमात शिक्षेची तरतूद आहे. दत्तकविधान खरे होते, कागद पक्का होता आणि तरीही हे सज्जन दांपत्य संशयाच्या जागी उभे राहिले, याचे मला फार वाईट वाटले.

यातून बाहेर पडण्याचा क्रम उलटा असतो. आधी गावातील अयोग्य नोंद रद्द करून घ्यावी लागते. त्यासाठी निबंधक वरिष्ठ प्राधिकृत अधिकाऱ्याकडे अहवाल पाठवतो आणि त्याच्या निर्देशाशिवाय हात लावत नाही, म्हणून वेळ लागतो. त्यानंतर जन्म जेथे झाला तेथील मूळ नोंदीत दत्तकपत्राच्या आधारे दुरुस्ती मागायची असते. शाळेचे रजिस्टर सर्वांत शेवटी येते. जन्म एकदाच होतो आणि त्याची नोंद जेथे झाला तेथेच राहते. दत्तक घेतल्याने जन्मतारीख किंवा जन्मस्थळ बदलत नाही, हे ज्याने आधी समजून घेतले त्याला यांतले काहीच करावे लागत नाही.

नोंदणीकृत दत्तकपत्रावर देणाऱ्या व घेणाऱ्या दोन्ही पक्षांच्या सह्या असतील, तर १९५६ च्या अधिनियमाचे कलम १६ दत्तकविधान कायद्याप्रमाणे झाले असे गृहीत धरते. तरीही एखाद्या कार्यालयात न्यायालयाचा आदेश मागितला जातो. अशा वेळी काउंटरवर वाद घालू नये. अर्जाची पोच घ्यावी आणि नकार असल्यास तो कारणासह लेखी मागावा. लेखी नकार मागितल्यावर पुष्कळ अर्ज पुढे सरकतात, असा माझा अनुभव आहे.

संस्थेमार्फत, म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली मूल दत्तक घेतले असेल, तर मार्ग वेगळा आणि सोपा आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात आणि त्या आदेशावरून दत्तक आईवडिलांच्या नावे जन्मदाखला मिळवून देणे हे विशेष दत्तक संस्थेचे काम आहे. ते संस्थेकडूनच पूर्ण करून घ्यावे. आदेशातील मुलाचे नवे नाव, दोन्ही पालकांची नावे आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर तपासूनच घरी यावे.

सावत्र वडिलांचे नाव प्रतिज्ञापत्रावर लावणे

आईच्या पुनर्विवाहाने नवे पती मुलाचे कायदेशीर वडील होत नाहीत. त्यासाठी रीतसर दत्तकविधान लागते. प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्र पुरत नाही.

नाव कोरे असलेल्या दाखल्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करणे

येथे चूक नसते, नाव घालायचे राहिलेले असते आणि त्यासाठी कलम १४ आहे. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नाव एकदा घातले की मात्र पुढचा प्रश्न दुरुस्तीचा होतो, म्हणून मराठी अक्षरे आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्ही तपासावे.

शाळेत फक्त दाखला दुरुस्त करून मागणे

शाळा सोडल्याचा दाखला ही जनरल रजिस्टरची नक्कल असते. रजिस्टरमध्ये जुने नाव ठेवून नव्या नावाचा दाखला देणारी शाळा पालकांवर उपकार करत नाही. पुढे पडताळणीला रजिस्टरचा उतारा मागवला की हा दाखला खोटा ठरतो. पालकांनी दुरुस्त जन्मदाखल्यासह मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा, शाळेने प्रस्ताव शिक्षण खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवावा आणि मंजुरी आल्यावरच रजिस्टरमध्ये हात लावावा. मी स्वतः जुने नाव वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारतो, वर लाल शाईने नवे नाव, बाजूला आदेशाचा क्रमांक व तारीख लिहितो आणि मुख्याध्यापकांची सही घेतो. व्हाइटनर लावलेले रजिस्टर माझ्या लेखी निरुपयोगी आहे.

दत्तकाच्या बाबतीत शेऱ्याच्या रकान्यात 'दत्तक' हा शब्द लिहू नये, आदेशाचा क्रमांक पुरेसा असतो. ते रजिस्टर अनेकांच्या हाताखालून जाते आणि त्या घरातली गोष्ट मुलाला रजिस्टरवरून कळू नये.

शाळा सुटेपर्यंत थांबणे

माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे नावातील बदल विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच करायचा असतो. शाळा सोडल्यानंतर फक्त लेखनातील उघड चुकांना वाव उरतो, आणि ती चूक उघड आहे हे पटवण्याचा भार पालकांवर येतो. दहावीचे गुणपत्रक निघाल्यावर त्यात मंडळाची भर पडते, कारण तेथील दुरुस्तीही शाळेमार्फत आणि शाळेच्या रजिस्टरच्या आधारेच जाते. म्हणून मी पालकांना आठवीतच मुलाचा जन्मदाखला, जनरल रजिस्टरचा उतारा आणि आधार हे तीन कागद शेजारी ठेवून वाचायला सांगतो. आधार सोपे म्हणून आधी बदलू नये. जन्मनोंद, मग शाळा, मग आधार हा क्रम ठेवला तर प्रत्येक कार्यालयाला आधीच्या कार्यालयाचा कागद दाखवता येतो. दुरुस्त जन्मदाखल्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती त्याच दिवशी घ्याव्यात आणि मूळ आदेश कोणत्याही खिडकीवर सोडून येऊ नये.